पहिला पैसा नोटेने नको, सीसीपीएसने घ्या

स्टार्टअपला पहिला पैसा कन्व्हर्टिबल नोटेने, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलू शकणाऱ्या कर्जाने, घ्यावा की सीसीपीएसने, म्हणजे सक्तीने इक्विटीत रूपांतरित होणाऱ्या प्रेफरन्स शेअरने, या प्रश्नाला आपल्याकडे बरीच वर्षे एक ठरलेले उत्तर होते. सल्लागार सांगायचे, "आत्ता शेअर देऊच नका, नोट द्या. व्हॅल्युएशनचे पुढच्या राउंडला बघू." त्यामागे एक खरे कारण होते. २०१२ पासून आपल्याकडे एंजल टॅक्स होता. खासगी कंपनीने फेअर व्हॅल्यूपेक्षा चढ्या दराने शेअर दिले, तर वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न धरून तिच्यावर कर लागायचा. २०१९ नंतर मान्यताप्राप्त स्टार्टअपना घोषणापत्र देऊन सूट मिळू लागली, तरी नोटिशीची धास्ती पूर्ण गेली नव्हती. नोट देताना शेअर दिलेच जात नसल्याने हा प्रश्न पुढे ढकलला जायचा. २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पाने हा कर रद्द केला आणि २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून तो संपला. कारण गेले, पण सल्ला मात्र तसाच राहिला आहे.

माझे म्हणणे असे की संस्थापकाच्या बाजूने पाहिले तर आता पहिल्या राउंडसाठी सीसीपीएस हाच योग्य मार्ग आहे. नोटेचा उपयोग एका अरुंद जागेपुरता उरला आहे. नोट जिथे 'फाउंडर फ्रेंडली' म्हणून खपवली जाते, तिथे ती बहुतेक वेळा गुंतवणूकदाराच्याच सोयीची असते. अमेरिकेतली नोट आणि भारतातली नोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडचे अनुभव वाचून इकडे सह्या करणाऱ्यांना हा फरक उशिरा कळतो.

आधी भारतातली नोट कायद्यात कुठे बसते ते पाहू. कंपनीने परतफेडीच्या बोलीवर पैसे घेतले, तर काही अपवाद वगळता कंपनी कायदा त्याला ठेव समजतो. ठेवी घेण्यावर कडक बंधने आहेत. २०१६ मध्ये ठेवींच्या नियमांत एक अपवाद घातला गेला. स्टार्टअप म्हणून मान्यता असलेल्या खासगी कंपनीने एका व्यक्तीकडून एकाच हप्त्यात २५ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम नोटेवर घेतली, तर ती ठेव धरली जाणार नाही. नोटेची मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त पाच वर्षे होती, सप्टेंबर २०२० मध्ये ती दहा वर्षे झाली. नोट म्हणजे काय, हेही नियमात लिहिले आहे. ती सुरुवातीला कर्ज म्हणून घेतलेली रक्कम असते. धारकाच्या इच्छेनुसार ती परत करावी लागते, किंवा ठरलेली घटना घडल्यावर तिचे इक्विटी शेअर होतात.

यातला २५ लाखांचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत नोट लोकप्रिय झाली ती छोट्या रकमांसाठी. ओळखीच्या दहा जणांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे आणि प्रत्येकाशी दोन-चार पानांचा करार करायचा, एवढेच तिचे काम होते. आपल्याकडे नेमके तेच करता येत नाही. कोल्हापूरची किंवा नाशिकची एखादी कंपनी सुरू होते तेव्हा पहिला पैसा कुठून येतो? आधीच्या नोकरीतले साहेब, कॉलेजचे मित्र, डॉक्टर झालेला मावसभाऊ, फाउंड्रीचा मालक असलेले काका. हे लोक पाच-दहा लाख देतात, २५ लाख नाही. त्यांच्यासाठी नोट बंदच आहे. आज दहा आणि सहा महिन्यांनी पंधरा असे तुकडेही चालत नाहीत, कारण रक्कम एकाच हप्त्यात यावी लागते. सीसीपीएसला अशी किमान रक्कम नाही. पाच लाखांचेही शेअर देता येतात.

तरीही लोक पाच-पाच लाख घेतात, वर 'कन्व्हर्टिबल नोट' लिहितात आणि मोकळे होतात. काही जण मान्यतेचे प्रमाणपत्र येण्याआधीच पैसे खात्यात घेतात. दोन्ही वेळा अपवाद लागू होत नाही आणि ती रक्कम ठेव ठरू शकते. बेकायदा ठेवीसाठी कंपनीला होणारा दंड किमान १ कोटी किंवा ठेवीच्या दुप्पट, यांपैकी जे कमी असेल तेवढा असतो. जबाबदार अधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. दर वेळी खटला होतो असे नाही. पण पुढच्या राउंडमध्ये गुंतवणूकदाराचा वकील कागद तपासतो तेव्हा त्याला हे पहिल्या तासातच दिसते. मग राउंड थांबतो, पैसे परत करून पुन्हा घ्यावे लागतात, आणि काकांना हे सगळे समजावून सांगावे लागते.

आता वेगाबद्दल. नोट दोन दिवसांत होते आणि सीसीपीएसला महिना लागतो, असे सांगितले जाते. सीसीपीएसला वेळ लागतो हे खरे आहे. नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल, विशेष ठराव, पीएएस-४ या नमुन्यातले ऑफर लेटर आणि वेगळे बँक खाते इतके सगळे लागते. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि दिल्यापासून १५ दिवसांत पीएएस-३ हा शेअरवाटपाचा फॉर्म भरावा लागतो. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. पगाराची तारीख जवळ आली असेल तर ही शेवटची अट खरोखर टोचते. पण नोटही बिनकागदाची नाही. कर्जाचे शेअर करण्याची अट घालायची असेल तर पैसे घेण्याआधी विशेष ठराव लागतो. वर्षाला डीपीटी-३ या विवरणपत्रात ती दाखवावी लागते. व्याज खात्यात जमा दाखवले की टीडीएसचा हिशेब सुरू होतो. परदेशात राहणाऱ्याने परत नेण्याच्या हक्कासह पैसे घातले असतील, तर ३० दिवसांत फॉर्म सीएन भरायचा. पुढे रूपांतर झाले की एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म वेगळा. सीसीपीएसमध्ये तो एकदाच, शेअर देताना भरला की मुख्य काम संपते. म्हणजे नोटेने वाचतात ते काही आठवडे आणि व्हॅल्युअरची फी. बाकीचे काम फक्त पुढे सरकते.

नोटेच्या बाजूने खरा युक्तिवाद व्हॅल्युएशनचा आहे. कंपनीची विक्री नाही, उत्पादन अर्धे झालेले, मग किंमत कशी ठरवायची? हे ऐकायला पटते. पण कोणतीही नोट उघडून पाहा, तिच्यात कॅप असते. पुढच्या राउंडची किंमत कितीही चढली तरी नोटधारकाला कॅपच्याच दराने शेअर मिळणार, असा तिचा अर्थ. ८ कोटींची कॅप लिहिली म्हणजे कंपनीची किंमत ८ कोटींपेक्षा जास्त धरायची नाही, हे तुम्ही मान्य केले. किंमत वर गेली तर कॅप लागू होते आणि खाली आली तर पुढच्या राउंडच्या दरावर २० टक्क्यांचे डिस्काउंट. घासाघीस तीच असते. फरक एवढाच की सीसीपीएसमध्ये ठरलेली किंमत दोन्ही बाजूंना बांधते आणि नोटेत ती फक्त संस्थापकाला बांधते.

व्हॅल्युअरच्या अहवालाची भीतीही आता जुनी झाली. अहवालातल्या किमतीपेक्षा कमी दराने शेअर देता येत नाहीत, जास्त दराने देता येतात. एंजल टॅक्स होता तेव्हा याच जास्तीवर कर बसायचा, म्हणून अहवालातला आकडा आणि बोलणीतला आकडा जुळवण्याची कसरत चालायची. आता तशी गरज राहिलेली नाही.

एक हिशेब पूर्ण करून पाहू, कारण नोटेचे खरे मोल आकड्यांतच दिसते. समजा, नाशिकची एक कंपनी द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजणारी यंत्रे बनवते. दोन संस्थापक आहेत आणि त्यांचे मिळून १० लाख शेअर. त्यांनी १ कोटीची नोट घेतली, कॅप ८ कोटी, डिस्काउंट २० टक्के, व्याज सरळ १० टक्के. पहिल्या वर्षी पाऊस लांबला आणि विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. वर्षभराने पैसे संपत आले म्हणून आणखी ५० लाखांची नोट घेतली. या वेळी गुंतवणूकदाराने कॅप ६ कोटींवर आणली. पहिल्या नोटेत एक कलम होते: पुढे कोणाला अधिक चांगल्या अटी दिल्या तर त्या आपोआप पहिल्यालाही मिळतील. व्यवहारात याला एमएफएन म्हणतात. त्यामुळे पहिल्या नोटेची कॅपही ६ कोटी झाली. आणखी एका वर्षाने धंदा रुळावर आला आणि एका फंडाने १६ कोटींच्या प्री-मनीवर, म्हणजे पैसे येण्याआधीच्या किमतीवर, ४ कोटी देऊ केले. फंडाला २० टक्के हवेत आणि कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरचा १० टक्क्यांचा ईसॉप आधीच बाजूला काढलेला हवा. हे फंडांचे नेहमीचे मागणे असते.

आता रूपांतर करू. ६ कोटींच्या कॅपला १० लाख शेअरनी भागले की दर येतो ६० रुपये. पहिली नोट दोन वर्षांच्या व्याजासह १ कोटी २० लाख झाली, तिचे २ लाख शेअर होतात. दुसरी ५५ लाख झाली, तिचे सुमारे ९१ हजार ६६७. संस्थापक आणि नोटधारक मिळून ७० टक्क्यांत बसवायचे आहेत, कारण ३० टक्के फंड आणि ईसॉपचे आहेत. एकूण शेअर होतात सुमारे १८ लाख ४५ हजार. संस्थापकांकडे उरतात ५४.२ टक्के. फंडाचा दर पडतो सुमारे १०८ रुपये. डिस्काउंट धरूनही तो ८६ च्या वर राहतो, म्हणून नोटधारक कॅपच निवडतात.

हीच वाट सीसीपीएसने चालून पाहा. पहिले १ कोटी ८ कोटींच्या प्री-मनीवर, म्हणजे ८० रुपयांनी, १ लाख २५ हजार शेअर. वर्षभराने ५० लाख ६ कोटींच्या प्री-मनीवर. आता एकूण शेअर ११ लाख २५ हजार असल्याने दर ५३ रुपये ३३ पैसे येतो आणि ९३ हजार ७५० शेअर जातात. किंमत उतरली म्हणून पहिल्या गुंतवणूकदाराचे अँटी-डायल्युशन कलम जागे होते. ते सर्व शेअर हिशेबात धरून सरासरीने दर उतरवणाऱ्या ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज पद्धतीचे असेल, तर त्याचा रूपांतराचा दर ८० वरून ७८ च्या आसपास येतो आणि त्याचे शेअर सुमारे १ लाख २८ हजार होतात. मग तोच फंड, तोच ईसॉप. संस्थापकांकडे उरतात ५७.३ टक्के.

तीन टक्क्यांचा हा फरक २० कोटींच्या पोस्ट-मनीवर ६० लाखांहून अधिक होतो. त्यातला काही भाग व्याजाचा आहे, जे रोखीने कधी दिले जात नाही आणि म्हणून संस्थापकाच्या हिशेबात कुठे दिसत नाही. मोठा भाग एमएफएनचा आहे. सीसीपीएसमध्ये वेटेड ॲव्हरेजऐवजी फुल रॅचेट मान्य केले असते, तर पहिल्याचा दरही थेट ५३ रुपये ३३ पैसे झाला असता आणि संस्थापकांचा वाटा ५४.६ टक्क्यांवर आला असता, म्हणजे नोटेच्या जवळपासच. फुल रॅचेट हे नाव ऐकले तरी कोणताही वकील सही करू देत नाही. एमएफएन मात्र 'स्टँडर्ड कलम आहे' म्हणून निघून जाते. परिणाम तोच, फक्त नाव वेगळे.

या हिशेबात पैशाहूनही जास्त खटकते ते वेळेचे. सीसीपीएसमध्ये दुसऱ्या वेळी किंमत ८ वरून ६ कोटींवर आली, तेव्हाच संस्थापकाला कॅप टेबलवर, म्हणजे कोणाकडे किती शेअर याच्या तक्त्यावर, समोर दिसले असते की आपण काय देत आहोत. त्याने कदाचित ५० ऐवजी ३० लाख घेतले असते, किंवा खर्च कापला असता. नोटेत हे काहीच दिसत नाही. दोन वर्षे कॅप टेबलवर संस्थापकांच्या नावापुढे १०० टक्के लिहिलेले राहतात. मग फंडाची टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली की एका रात्रीत सगळे कळते, आणि तेव्हा मागे फिरायची वेळ गेलेली असते. म्हणून नोट एकावर एक रचली जाते तेव्हा ती सर्वांत धोकादायक असते. नोट घेतलीच असेल, तर प्रत्येक नवीन नोटेच्या दिवशी 'आज सगळ्या नोटा रूपांतरित झाल्या तर' असा कॅप टेबल करून ठेवा. त्यात कॅपच्या भागाकाराला कोणते शेअर धरायचे हेही तपासा. भावी ईसॉप आणि इतर नोटा त्यात धरल्या असतील, तर दर ६० च्याही खाली जातो.

पुढचा राउंड आलाच नाही, तर? इथे नोटेचे कर्जपण उघडे पडते. नियमातली व्याख्याच सांगते की परतफेडीचा पर्याय धारकाचा आहे. करारात मुदत साधारणपणे दीड ते तीन वर्षांची असते. कायद्यातली दहा वर्षे ही फक्त कमाल मर्यादा. मुदत भरली, कंपनी चालू आहे, थोडा नफाही आहे, पण कोणी फंड येत नाही. ही स्थिती लहान शहरांतल्या चांगल्या कंपन्यांची नेहमीची आहे, अपयशाची नाही. अशा वेळी नोटधारक पैसे मागू शकतो. थकीत रक्कम १ कोटींच्या वर गेली तर तो वित्तीय धनको म्हणून एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज करण्याची धमकी देऊ शकतो. २०२० पासून तिथली किमान मर्यादा १ कोटीच आहे. बहुतेक गुंतवणूकदार तिथवर जात नाहीत. पण मुदतवाढीच्या बदल्यात कॅप खाली आणा किंवा बोर्डावर जागा द्या, असे म्हणायला ही धमकी पुरते. वरच्या उदाहरणात पहिली नोट व्याजामुळेच या रेषेच्या वर गेलेली आहे.

ताळेबंदातही ती कर्ज म्हणूनच बसते. यंत्रे बनवणारी कंपनी सुट्या भागांसाठी कॅश क्रेडिट मागायला बँकेत गेली की मॅनेजर नेट वर्थ विचारतो. दीड कोटीच्या नोटा दायित्वात आणि दोन वर्षांचा तोटा भांडवलात, म्हणजे नेट वर्थ उणे. सरकारी निविदेतही हाच प्रश्न येतो. तोच दीड कोटी सीसीपीएसचा असता तर तो भागभांडवलात दिसला असता. सॉफ्टवेअरच्या कंपनीला याचे फार वाटणार नाही, पण कारखाना, शेतीमाल किंवा साठा यांच्याशी संबंध असलेल्या कंपनीला बँक लागतेच.

सीसीपीएसची बाजू घेताना तिची किंमत लपवणे बरोबर नाही. शेअर आले की त्यांच्यासोबत शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंट येते आणि त्यात नोटेत नसलेल्या कितीतरी गोष्टी असतात. गुंतवणूकदाराच्या संमतीशिवाय घेता न येणाऱ्या निर्णयांची यादी, बोर्डावरची जागा, संस्थापकांचे शेअर टप्प्याटप्प्यानेच पक्के होण्याची व्हेस्टिंगची अट, विक्रीच्या वेळचे हक्क. पंधरा लाख देणाऱ्याला मॅनेजरच्या पगारावर नकाराधिकार देणारे करार या क्षेत्रात पाहायला मिळतात. नोटेचे करार साधारणपणे माहितीच्या हक्कापाशी थांबतात. त्यामुळे रोजचा ताबा संस्थापकाकडे राहतो. नोटेचा हा खरा फायदा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण हा फायदा साधनाचा नाही, करार किती लांब लिहिला याचा आहे. प्रेफरन्स शेअरला इतकी कलमे लावलीच पाहिजेत, असे कायदा कुठे म्हणत नाही. वीस वर्षांच्या आत रूपांतर व्हावे आणि नाममात्र लाभांशाचा दर लिहावा, एवढ्यावरही सीसीपीएस उभे राहते. पहिल्या राउंडला छोटा करार आणि नकाराधिकाराची पाच-सात कलमे एवढेच मान्य करा. नवे शेअर काढणे, कंपनी विकणे, संस्थापकांना कर्ज देणे अशा गोष्टींवर संमती मागणे रास्त आहे. भाडेकरारावर मागणे रास्त नाही.

सीसीपीएसमध्ये सर्वांत नीट वाचायचे कलम म्हणजे लिक्विडेशन प्रेफरन्स. कंपनी विकली तर गुंतवणूकदाराने आधी किती घ्यायचे, ते त्यात ठरते. समजा, फंड यायच्या आधीच आपली नाशिकची कंपनी एका मोठ्या कंपनीने ३ कोटींना घेतली. गुंतवणूकदारांचे दीड कोटी आहेत आणि वाटा सुमारे १८ टक्के. प्रेफरन्स एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग असेल, तर ते दीड कोटी घेतात आणि दीड कोटी संस्थापकांना मिळतात. पार्टिसिपेटिंग असेल, तर ते आधी दीड कोटी घेतात आणि उरलेल्यातूनही १८ टक्के, म्हणजे आणखी २७ लाख. दुप्पट प्रेफरन्स मान्य केले असेल, तर तीनच्या तीन कोटी त्यांचे आणि संस्थापकांच्या हातात शून्य. म्हणून एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग याच्या पुढे जाऊ नका. रूपांतराआधी कंपनी विकली तर दुप्पट देऊ, असे कलम नोटेतही असते, तेही याच नजरेने वाचा.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. अमेरिकेत वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये सेफ आणले. ते कर्ज नसते आणि शेअरही नसते. भारतीय कायद्यात अशा कागदाला जागाच नाही, म्हणून इथे तसाच्या तसा वापरला तर पैसे ठेवीच्या नियमांत अडकतात. १००एक्स.व्हीसीने २०१९ मध्ये आयसेफ आणले. ते कायद्याने सीसीपीएसच आहे, फक्त रूपांतराचा दर पुढच्या राउंडवर सोडलेला असतो. व्याज नाही, परतफेड नाही, किमान रक्कम नाही. नोट की आयसेफ असे विचारले तर मी आयसेफच सांगेन. मात्र कॅपची आणि एकावर एक रचण्याची जोखीम तिथेही आहे. परदेशातला गुंतवणूकदार परतीच्या हक्काने येणार असेल, तर फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांप्रमाणे दर किंवा त्याचे सूत्र सुरुवातीलाच ठरवावे लागते. रूपांतराचा दर पहिल्या दिवशीच्या फेअर व्हॅल्यूच्या खाली जाऊ शकत नाही. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. अनिवासी भारतीयाने पैसे परत न नेण्याच्या अटीवर घातले, तर ती गुंतवणूक देशी समजली जाते आणि बरेच सोपे होते.

मग नोट कधी घ्यावी? टर्मशीट हातात आहे, ड्यू डिलिजन्स म्हणजे कागदांची तपासणी चालू आहे, राउंड दोन-तीन महिन्यांत बंद होणार आहे आणि तोवर पगार द्यायचे आहेत. अशा वेळी आतल्याच गुंतवणूकदाराकडून २५-५० लाखांची एक नोट घेणे शहाणपणाचे आहे. इथे पीएएस-३ ची वाट न पाहता पैसे वापरता येतात, आणि किंमत खरोखर लवकरच ठरणार असते. तेव्हाही तीन गोष्टी लिहून घ्या. व्याज शून्य किंवा नाममात्र असावे. एमएफएन नसावे. आणि मुदत संपली तर ठरलेल्या व्हॅल्युएशनला रूपांतर होईल, परतफेडीचा पर्याय धारक वापरणार नाही, हे करारात असावे. नियमातल्या व्याख्येमुळे हे तिसरे कलम किती टिकेल यावर वकील वाद घालतील, पण लिहिलेले असले तर मुदत संपल्यावरची बोलणी वेगळ्या पायरीवरून सुरू होतात.

हा वाद संस्थापकावर ढकलला जाऊ नये, असे मला वाटते. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२० मध्ये नोटेची मुदत दुप्पट केली, पण २५ लाखांची किमान रक्कम २०१६ पासून तशीच आहे. ठेवींच्या नियमांचा हेतू छोट्या माणसाची बचत वाचवण्याचा आहे आणि तो रास्त आहे. घरोघरी फिरून पैसे गोळा करणाऱ्या योजनांनी आपल्या राज्यात किती संसार बुडवले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण तेच पाच लाख सीसीपीएसमध्ये घालायला याच छोट्या माणसाला कायदा अडवत नाही, आणि तिथे तर परतफेडीचा हक्कही नसतो. म्हणजे किमान रकमेने त्याचे रक्षण होत नाही, फक्त नोट मोठ्या गुंतवणूकदारापुरती राखली जाते. ही रक्कम ५ लाखांवर आणावी, कंपनीमागे नोटधारकांची संख्या आणि नोटांची एकूण रक्कम यांवर मर्यादा घालावी, आणि व्याख्येत मुदतीला आपोआप रूपांतर करण्याचा पर्याय स्पष्ट लिहावा. तसे झाले तर मी नोटेबद्दलचे माझे मत पुन्हा तपासेन.

तोवर नाशिकच्या कंपनीला मी एवढेच सांगेन की पहिल्या १ कोटीसाठी व्हॅल्युअरकडे जा, आठ कोटींवर भांडा किंवा सातवर तयार व्हा, पण आकडा आजच ठरवा आणि शेअर द्या.